पेनल्टी आणि बॅरियर पद्धत: पॅरामीटर ढकलताना कोड कुठे मोडतो आणि तो कसा सांभाळायचा

बंधनं असलेला मिनिमायझेशनचा प्रश्न बंधनांशिवाय सोडवायचा झाला, तर दोन सोपे मार्ग आहेत. पहिला पेनल्टीचा: बंधन मोडलं की दंड लावायचा आणि तो दंड वाढवत न्यायचा. दुसरा बॅरियरचा: बंधनाच्या आतल्या बाजूला भिंत उभी करायची आणि ती हळूहळू पातळ करत न्यायची. दोन्हीकडे एक पॅरामीटर टोकाकडे ढकलावा लागतो. बहुतेकांचा कोड मोडतो तो इथेच. पहिल्याच फटक्यात पॅरामीटर १०⁸ केला जातो, सॉल्व्हर हजारो पावलं टाकूनही जागचा हलत नाही, आणि दोष "लोकल मिनिमम"वर जातो. खरं कारण बहुतेक वेळा वाईट कंडिशनिंग असतं, आणि ते मोजता येतं.

सगळा लेख एकाच छोट्या उदाहरणावर चालवतो. त्यातली प्रत्येक संख्या कागदावर काढता येते, म्हणून तुमचा कोड आधी याच उदाहरणावर चालवून पाहा.

`f(x,y) = x² + y²` कमीत कमी करायचं आहे. पेनल्टीसाठी बंधन `c = x + y − 2 = 0`. बॅरियरसाठी तेच असमानतेच्या रूपात: `s = x + y − 2 ≥ 0`. दोन्हींचं उत्तर `x = y = 1`, आणि लाग्रांज गुणक `λ = 2`.

पेनल्टीचा पॅरामीटर मी `ρ` लिहितो, बॅरियरचा `μ`. `ρ` वाढवायचा असतो, `μ` कमी करायचा. दोन्हींना एकच अक्षर वापरल्यामुळे उलट्या दिशेने चाललेली लूप मी कितीतरी वेळा पाहिली आहे, म्हणून कोडमध्येही नावं वेगळी ठेवा.

## टप्पा १: आधीची तयारी

बंधनांची वाटणी करा. समानतेची बंधनं पेनल्टीकडे, असमानतेची बॅरियरकडे. `c = 0` चे `c ≥ 0` आणि `c ≤ 0` असे दोन तुकडे करून ते बॅरियरला देऊ नका. या दोन्ही अटी काटेकोरपणे पाळणारा एकही बिंदू नसतो, त्यामुळे लॉगरिदमला उभं राहायला जागाच उरत नाही.

स्केल जुळवा. पेनल्टीत बंधनाचा वर्ग होतो. लांबी मीटरऐवजी मिलिमीटरमध्ये लिहिली की `c` हजारपट होतं, आणि `ρ` ला हात न लावता दंड दहा लाखपट होतो. "मी `ρ` फक्त १० ठेवला होता" असं म्हणणाऱ्याचा खरा `ρ` कधी कधी एक कोटी असतो. प्रत्येक बंधनाला अशा संख्येने भागा की सुरुवातीच्या बिंदूपाशी त्याच्या ग्रेडियंटची लांबी १ च्या आसपास येईल.

लॉग बॅरियरचं वागणं इथे वेगळं आहे. `ln(1000s)` म्हणजे `ln s` अधिक एक स्थिर संख्या, म्हणून बंधनाचं एकक बदलल्याने बॅरियरचा मिनिमम हलत नाही. थांबण्याची अट मात्र एककावर अवलंबून असते, त्यामुळे तिथेही स्केलिंग करून ठेवणंच बरं.

बॅरियरसाठी आतला बिंदू शोधा. सीमेवरचा बिंदू चालत नाही, कारण `s = 0` ला लॉगरिदम नाही. सीमेला अगदी चिकटलेला बिंदूही वाईट, कारण तिथून पहिलंच पाऊल खुजं पडतं.

> तपासणी: सुरुवातीच्या बिंदूवर प्रत्येक `s`, प्रत्येक `c` आणि त्यांच्या ग्रेडियंटची लांबी छापा. त्यांत हजारपटीहून जास्त फरक दिसला तर पुढे जाऊ नका, आधी स्केल करा.

## टप्पा २: पेनल्टी पायरीपायरीने वाढवा

नवं फंक्शन असं:

`P(x,y) = x² + y² + (ρ/2)(x + y − 2)²`

समरूपतेमुळे मिनिममपाशी `x = y`, आणि सोडवल्यावर `x = ρ/(1+ρ)` मिळतं. हेसियन `2I + ρ·aaᵀ`, जिथे `a = (1,1)`. त्याच्या आयगेन व्हॅल्यू दोन: बंधनरेषेच्या दिशेने `2`, आणि रेषेला लंब दिशेने `2 + 2ρ`. त्यांचं गुणोत्तर म्हणजे कंडिशन नंबर: नेमका `1 + ρ`.

| ρ | x = y | c | कंडिशन नंबर |
|---|---|---|---|
| १ | ०.५ | −१ | २ |
| १० | ०.९०९०९ | −०.१८१८ | ११ |
| १०० | ०.९९०१० | −०.०१९८ | १०१ |
| १००० | ०.९९९०० | −०.००२० | १००१ |
| १०⁶ | ०.९९९९९९ | −०.०००००२ | १०,००,००१ |

तिसरा आणि चौथा स्तंभ शेजारी ठेवून वाचा. बंधन दहापट अचूक हवं असेल तर कंडिशन नंबर दहापट बिघडतो. हा व्यवहार पेनल्टी पद्धतीच्या रचनेतच आहे, त्यामुळे कोड कितीही नीट लिहिला तरी या रूपात तो टळत नाही.

डोळ्यांसमोर एक घळ आणा. `ρ` वाढला की तिच्या बाजूच्या भिंती ताठ होत जातात, पण घळीच्या तळाचा लांबीचा उतार होता तेवढाच सौम्य राहतो. ग्रेडियंट जवळजवळ पूर्णपणे भिंतीकडे बोट दाखवतो. ग्रेडियंट डिसेंटचं पाऊल भिंतीच्या ताठपणावरून ठरवावं लागतं, नाहीतर उडी पलीकडच्या भिंतीवर जाते. मग त्याच चिमुकल्या पावलांनी तळाची लांबी चालायची वेळ येते. सर्वांत योग्य स्थिर पाऊल घेतलं तरी वाईट सुरुवातीपासून चूक दहा लाखपट कमी करायला `ρ = 10` असताना साधारण ७६ पावलं लागतात. `ρ = 1000` असताना सुमारे ६९०० लागतात.

म्हणून क्रम असा ठेवा:

1. `ρ = 1` किंवा `10` पासून सुरू करा.
2. त्या `ρ` साठी `P` चा मिनिमम काढा. इथे फार अचूकतेची गरज नाही.
3. मिळालेला बिंदू पुढच्या फेरीची सुरुवात म्हणून वापरा.
4. `ρ` दहापट करा. मागच्या फेरीला खूप पावलं लागली असतील तर दोन-तीनपटच करा.
5. `|c|` पुरेसं लहान झालं की थांबा.

तिसरी पायरी सर्वांत जास्त चुकते. दर फेरीला मूळ सुरुवातीच्या बिंदूकडे परत गेलात, तर `ρ` हळूहळू वाढवण्याचा काहीच फायदा उरत नाही.

> सावध: `ρ` फार लहान असेल तर `P` ला मिनिमम असेलच असं नाही. `−3x²` हे फंक्शन `x = 1` या बंधनासह घ्या. `ρ` ६ पेक्षा कमी असेल तर `P` खाली अनंतापर्यंत जातं. पहिल्याच फेरीत `x` चा आकडा भडकत गेला, तर कोडमध्ये बग शोधण्याआधी `ρ` वाढवून पाहा.

> तपासणी: दर फेरीला `−ρc` छापा. हा लाग्रांज गुणकाचा अंदाज आहे. आपल्या उदाहरणात तो `2ρ/(1+ρ)`, म्हणजे १, १.८१८, १.९८० असा २ कडे गेला पाहिजे. तो एखाद्या संख्येवर स्थिरावत असेल तर पद्धत नीट चालली आहे.

## टप्पा ३: कंडिशनिंग कुठे त्रास देतं आणि कुठे नाही, ते ओळखा

कंडिशन नंबर मोठा दिसला म्हणून लगेच घाबरायचं कारण नाही. त्रास नेमका कुठून येतो हे कळलं तरच उपाय सापडतो.

ग्रेडियंटवर चालणाऱ्या पद्धती सरळ मार खातात, ते वर पाहिलं. न्यूटन पद्धत घळीच्या आकाराला भिडत नाही, ती हेसियनमधूनच तो आकार समजून घेते. आपलं `P` वर्गीय आहे, त्यामुळे `ρ` काहीही असो, कागदावर न्यूटन एका पावलात पोहोचतो. म्हणून न्यूटन वापरणाऱ्याला प्रश्न पडतो तो अंकगणिताचा.

डबल प्रिसिजनमध्ये सुमारे १६ अंक असतात. `2 + ρ` ही बेरीज करताना `ρ = 10¹²` असेल तर २ चे बारा अंक गिळले जातात. `ρ = 10¹⁷` ला २ पूर्णच नाहीसा होतो, कारण त्या आकाराला शेजारच्या दोन डबल संख्यांमधलं अंतर १६ असतं. मग मॅट्रिक्सच्या चारही जागी एकच संख्या येते आणि `numpy` सरळ `LinAlgError: Singular matrix` देतं. मूळ `f` ची माहिती मॅट्रिक्समधून पुसली गेलेली असते.

त्याच्या कितीतरी आधी एक गुपचूप नुकसान झालेलं असतं. मिनिममपाशी `c` म्हणजे दोन जवळजवळ समान संख्यांची वजाबाकी: `x + y` साधारण २, आणि त्यातून २ वजा. त्यात सुमारे २ × १०⁻¹⁶ इतकी चूक राहतेच. तिला `ρ` ने गुणलं की `λ` मधली चूक मिळते. `ρ = 10¹²` ला ती सुमारे ०.०००२ होते. उलट `ρ` लहान असेल तर पद्धतीची स्वतःची चूक `2/(1+ρ)` मोठी राहते. या दोन चुका `ρ = 10⁸` च्या आसपास बरोबरीत येतात. आपल्या उदाहरणात त्यापुढे `ρ` ढकलला की गुणक सुधारत नाही, उलट बिघडतो.

> सावध: ग्रेडियंटमध्येही हाच `ρ·c` असतो. `ρ = 10¹⁰` असताना ग्रेडियंटमधला गोंगाटच सुमारे १०⁻⁶ असतो. तिथे थांबण्याची मर्यादा १०⁻⁸ ठेवली तर ती कधीच गाठली जाणार नाही, आणि सॉल्व्हर "लाइन सर्च अयशस्वी" म्हणून थांबेल. मर्यादा `ρ` बघून ठेवा.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. `n` चलांच्या प्रश्नात `m` सक्रिय आणि परस्पर स्वतंत्र बंधनं असतील तर `m` आयगेन व्हॅल्यू `ρ` बरोबर वाढतात आणि उरलेल्या `n − m` तशाच राहतात. दोन गटांमधली ही दरी म्हणजेच वाईट कंडिशनिंग. `m = n` असेल, म्हणजे उत्तर कोपऱ्यात असेल, तर सगळ्याच आयगेन व्हॅल्यू एकत्र वाढतात आणि कंडिशन नंबर अमर्याद वाढत नाही. म्हणून कोपऱ्यात उत्तर असलेल्या उदाहरणावर तपासलेला कोड खऱ्या प्रश्नावर टिकेल असं समजू नका.

## टप्पा ४: मॅट्रिक्स सोडवण्याआधी उलगडा

न्यूटनचं पाऊल `p` काढताना `2I + ρ·aaᵀ` ही बेरीज करूच नका. `w = ρ(c + aᵀp)` असं नवं चल घ्या आणि थोडी मोठी प्रणाली सोडवा:

```
[ 2I    a   ] [p]     [-∇f]
[ aᵀ  -1/ρ  ] [w]  =  [ -c]
```

कागदावर दोन्ही रूपं एकच उत्तर देतात. फरक इतकाच की इथे `ρ` मोठा झाला की `1/ρ` शून्याकडे जातो, आणि शून्याकडे जाणाऱ्या संख्येने कुणाचे अंक गिळले जात नाहीत. स्वतः पाहा:

```python
import numpy as np
a = np.array([[1.0], [1.0]])
for rho in [1, 1e2, 1e4, 1e6, 1e8]:
    H = 2*np.eye(2) + rho*(a @ a.T)
    K = np.block([[2*np.eye(2), a],
                  [a.T, np.array([[-1/rho]])]])
    print(rho, np.linalg.cond(H), np.linalg.cond(K))
```

`H` चा कंडिशन नंबर `1 + ρ` प्रमाणे वाढत जाईल. `K` चा मात्र १.६४ पासून सुरू होऊन ३.७३ वर थांबेल, कारण त्याची मर्यादा `2 + √3` आहे. प्रश्न तोच, `ρ` तोच, फक्त मांडणी वेगळी.

बंधन वक्र असेल तर वरच्या `2I` च्या जागी `f` चा हेसियन आणि `ρc` ने गुणलेला बंधनाचा हेसियन यांची बेरीज येते. `ρc` मर्यादित राहतो (तो `−λ` कडे जातो), म्हणून ही बेरीज बिघडत नाही. `K` ला धन आणि ऋण दोन्ही आयगेन व्हॅल्यू असतात, त्यामुळे चोलेस्की चालणार नाही. सममित पण अनिश्चित मॅट्रिक्ससाठीचं `LDLᵀ` विघटन वापरा. लहान प्रश्नाला साधं `np.linalg.solve` पुरतं.

एवढं केलं तरी टप्पा ३ मधली `c` ची वजाबाकी उरतेच. उलगडलेली मांडणी पावलाची दिशा वाचवते, पण `−ρc` मधली चूक घालवत नाही.

## टप्पा ५: बॅरियर, आणि पहिल्याच पावलाला कुंपणाबाहेर पडणं

आता असमानतेकडे येऊ. फंक्शन असं:

`B(x,y) = x² + y² − μ ln(x + y − 2)`

मिनिमम `x = y = (1 + √(1+μ))/2` ला आहे, म्हणजे `s = √(1+μ) − 1`. गुणकाचा अंदाज `μ/s`. हेसियन `2I + (μ/s²)·aaᵀ`.

| μ | x = y | s | कंडिशन नंबर |
|---|---|---|---|
| १ | १.२०७१ | ०.४१४२ | ६.८३ |
| ०.१ | १.०२४४ | ०.०४८८ | ४३ |
| ०.०१ | १.००२५ | ०.००४९९ | ४०३ |
| ०.००१ | १.०००२५ | ०.०००५० | ४००३ |

`μ` दहापट कमी केला की `s` ही साधारण दहापट कमी होतो. म्हणून `μ/s²` दहापट वाढतो, आणि कंडिशन नंबर सुमारे `1 + 4/μ` इतका होतो. इथवर गोष्ट पेनल्टीसारखीच आहे. बॅरियरची खरी अडचण वेगळी आहे, आणि तीच सर्वांत जास्त लोकांना गोंधळात टाकते.

`μ = 0.1` चा मिनिमम नेमका सापडला आहे: `s = 0.0488`. आता `μ = 0.01` केलं आणि इथूनच न्यूटनचं एक पूर्ण पाऊल टाकलं. नवा `s` येतो:

`s_नवा = s·(1 − (0.1 − 0.01)/(0.01 + s²)) = −0.306`

पाऊल सरळ कुंपणापलीकडे जातं, तेही सीमेपासूनच्या अंतराच्या सहापट लांब. सुरुवातीचा बिंदू चांगलाच होता, आधीच्या `μ` चं ते अचूक उत्तर होतं. दोष हेसियनचा आहे. `μ` बदलल्यावर भिंतीचा ताठपणा `μ/s²` एका क्षणात दहावा हिस्सा झाला, कारण `μ` खाली आला पण `s` अजून जुनाच आहे. न्यूटनला भिंत आहे त्यापेक्षा दहापट मऊ वाटते आणि तो लांब उडी मारतो.

सूत्रावरून मर्यादाही कळते. `s²` लहान असताना पाऊल आत राहायला नवा `μ` जुन्याच्या निम्म्याहून जास्त असावा लागतो. म्हणजे "दर फेरीला दहापट" आणि "पूर्ण न्यूटन पाऊल" या दोन गोष्टी साध्या बॅरियरमध्ये एकत्र नांदत नाहीत.

> सावध: `s` ऋण झाला की `np.log` फक्त इशारा देऊन `nan` परत करतं. तुमच्या लाइन सर्चमध्ये `while f_new > limit: alpha /= 2` असं लिहिलं असेल तर `nan > limit` हे `False` ठरतं, लूप थांबते आणि बाहेर पडलेलं पाऊल स्वीकारलं जातं. अट उलटी लिहा: `while not (f_new <= limit): alpha /= 2`. त्याहून चांगलं म्हणजे फंक्शन काढण्याआधीच `s > 0` तपासा.

पाऊल आखडून घेणं हा पहिला उपाय. सीमेपर्यंतच्या अंतराच्या ९५ टक्केच पुढे गेलात तर `s = 0.00244` येतो, आणि तिथून आणखी चार न्यूटन पावलांत ०.००४९९ जवळजवळ नेमका मिळतो. चालतं, पण दर फेरीला एवढा खर्च होतो. अनेक बंधनं असतील तर ज्या बंधनाशी आधी धडक होते ते बाकी सगळ्यांचं पाऊलही अडवून ठेवतं.

## टप्पा ६: गुणकाला स्वतंत्र चल करा

बॅरियरची अट `λ = μ/s` आहे. ती `λ·s = μ` अशी लिहा, आणि `λ` ला `x`, `y` च्या जोडीला स्वतंत्र चल माना. यालाच प्रायमल-ड्युअल रूप म्हणतात. गणिताने दोन्ही समीकरणं एकच आहेत, पण न्यूटन सरळ रेषेने अंदाज बांधतो. `μ/s` ला सरळ रेषा शून्याजवळ अजिबात बसत नाही, `λ·s` ला छान बसते.

त्याच बिंदूवरून मोजू. `s = 0.0488`, `λ = 2.0488`, नवा `μ = 0.01`. आपल्या प्रश्नात `2x = λ` आणि `2x = s + 2`, म्हणून `λ` आणि `s` मधला बदल सारखाच. `λ·s = 0.01` चं सरळ रेषेतलं रूप सोडवलं की:

`Δs = (0.01 − 0.1)/(s + λ) = −0.0429`

नवा `s = 0.0059`. खरं उत्तर ०.००४९९. पूर्ण पाऊल आतच राहिलं आणि एका झटक्यात उत्तराच्या जवळ पोहोचलं. साध्या बॅरियरने याच जागी −०.३०६ दिलं होतं. फरकाचं कारण उघड आहे: इथे ताठपणा `λ/s` आहे, आणि `μ` बदलला तरी तो जागच्या जागी दहावा हिस्सा होत नाही.

मॅट्रिक्स इथेही टप्पा ४ प्रमाणेच उलगडा. `1/ρ` च्या जागी `s/λ` येतो, आणि सक्रिय बंधनासाठी तो शून्याकडे जातो.

क्रम असा:

1. `x` आतला, प्रत्येक `λ` धन, `μ = 0.1` च्या आसपास.
2. प्रायमल-ड्युअल पाऊल काढा.
3. `s` आणि `λ` दोन्ही धन राहतील इतकंच पाऊल घ्या. सीमेपर्यंतच्या अंतराच्या ९९ टक्क्यांपर्यंत जायला हरकत नाही.
4. समीकरणांतली चूक `10·μ` पेक्षा कमी झाली की लगेच `μ` कमी करा. जास्त रेंगाळू नका.
5. `μ` जवळपास शून्य होईपर्यंत पुन्हा तेच.

`IPOPT` मध्ये मूळ सेटिंग याच धर्तीची आहे. `mu_init` ०.१ असतो, `barrier_tol_factor` १० असतो, आणि `monotone` पद्धतीत पुढचा `μ` हा `0.2·μ` आणि `μ^1.5` यांतला लहान घेतला जातो. सुरुवातीला पाचपट कपात होते आणि शेवटी आपोआप वेग वाढतो. तुमचा स्वतःचा कोड असेल तर हाच नियम उचला.

## टप्पा ७: समानतेसाठी `ρ` ढकलण्याऐवजी `λ` सुधारा

पेनल्टीत `ρ` टोकाला का न्यावा लागतो? कारण मिनिममपाशी `−ρc` ची किंमत २ असावीच लागते. `c` शून्याकडे न्यायचं तर `ρ` अनंताकडे जाण्यावाचून गत्यंतर नाही. मग तो गुणक आधीच फंक्शनमध्ये घालून टाका:

`L = x² + y² − λc + (ρ/2)c²`

ही ऑगमेंटेड लाग्रांजियन पद्धत. दर फेरीला `L` चा मिनिमम काढायचा, आणि मग `λ` च्या जागी `λ − ρc` ठेवायचा. आपल्या उदाहरणात दर फेरीला `λ` मधली चूक नेमकी `1 + ρ` ने भागली जाते. `ρ = 10` स्थिर ठेवून `λ = 0` पासून: १.८१८, १.९८३, १.९९८५, १.९९९८६… सहाव्या फेरीला `|c|` सुमारे १.१ × १०⁻⁶ होतो. कंडिशन नंबर पहिल्या फेरीपासून शेवटपर्यंत ११ च. साध्या पेनल्टीने एवढ्याच अचूकतेसाठी `ρ` सुमारे १७.७ लाख लागला असता आणि कंडिशन नंबरही तेवढाच.

ग्रेडियंटवर चालणारा सॉल्व्हर वापरत असाल, तर समानतेच्या बंधनांसाठी माझा सल्ला स्पष्ट आहे: साधी पेनल्टी सोडा, हेच वापरा.

> सावध: `λ` सुधारण्याआधी आतला मिनिमम पुरेसा नीट काढलेला हवा. दोन-चार पावलांनंतरच्या कच्च्या बिंदूवरून `λ` बदलला तर तो इकडून तिकडे झोके खातो. फेरीमागे `|c|` किमान चौपटीने घटला तर `λ` सुधारा आणि `ρ` तसाच ठेवा. नसेल घटला तर फक्त `ρ` वाढवा. दोन्ही एकदम बदलू नका, नाहीतर कशाचा परिणाम काय झाला ते कळत नाही.

## टप्पा ८: `ρ` वाढतोय पण `c` हटत नाही

निरोगी पेनल्टीत `ρ` दहापट केला की `c` दहावा हिस्सा होतो. तसं होत नसेल तर `ρ` आणखी ढकलण्याआधी दोन शक्यता तपासा.

पहिली, आतला सॉल्व्हर पोहोचतच नाही. ग्रेडियंटची लांबी पाहा. ती मागच्या फेरीपेक्षा मोठी राहिली असेल तर कंडिशनिंगने त्याला अडवलं आहे. टप्पा ४ किंवा ७ कडे परत जा.

दुसरी, बंधनंच एकमेकांच्या विरोधात आहेत. `x + y = 2` आणि `x + y = 3` ही दोन्ही दिली तर `ρ` वाढवताना `x + y` हा २.५ कडे जाऊन थांबतो. एक `c` ०.५ वर, दुसरं −०.५ वर. ग्रेडियंट मात्र नीट शून्य होतो, म्हणून सॉल्व्हर "यशस्वी" म्हणतो. इथे `−ρc` चे अंदाज दर फेरीला दहापट होत जातात, विरुद्ध चिन्हांनी, आणि कुठेच स्थिरावत नाहीत. लॉगमध्ये अशी जोडी दिसली की पॅरामीटरला हात लावू नका. ती दोन बंधनं कुठून आली ते प्रश्नाच्या मांडणीत जाऊन शोधा. बहुतेक वेळा एकाच मोजमापाच्या दोन वेगवेगळ्या आकड्यांवरून तीच अट दोनदा लिहिलेली सापडते.